डबा आवडल्याचा निरोप आला की उत्तर काय लिहावं?

घरगुती डब्याचा धंदा आता बराचसा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. सकाळी मेनू जातो, 'आज डबा नको' असं कळवलं जातं, महिनाअखेरीस हिशोब होतो. मधूनच एखादं नेहमीचं गिऱ्हाईक डबा आवडल्याचं कळवतं. त्यावर बहुतेक ताई-काकू नुसते हात जोडून मोकळ्या होतात: 🙏🙏🙏. यात चूक काही नाही, पण समोरच्यापर्यंत फार थोडं पोचतं. मराठी घरांच्या ग्रुपवर हेच हात नमस्काराला असतात, आभाराला असतात आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'पुढेही असतात. 'पुरे आता, हात जोडले' असाही त्यांचा अर्थ होतो. कशाबद्दल हात जोडले, हे शब्दांनीच सांगावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात नोकरीसाठी आलेला, खोलीवर राहणारा मुलगा वर्षभर एका काकूंचा डबा खातो आहे. दुपारी त्याचा निरोप येतो: 'काकू, मटकीची उसळ एक नंबर! 😋 घरची आठवण आली. पोळ्या तेवढ्या जरा कडक होत्या.'

या निरोपात तीन गोष्टी आहेत: कौतुक, आठवण आणि तक्रार. नेहमीचं गिऱ्हाईक तक्रार अशीच सांगतं, कौतुकाच्या शेवटी, 'तेवढं' आणि 'जरा' लावून. तिला उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या वेळी ते बोलत नाही आणि एखाद्या महिन्यात गुपचूप डबा बंद करतं. म्हणून उत्तरात तिन्ही गोष्टी हव्यात. काकू असं लिहू शकतात:

'थँक्यू रे 🙏 मटकीला या वेळी मोड छान आले होते. रात्रभर भिजवून मग दिवसभर फडक्यात बांधून ठेवली होती. घरची आठवण आली म्हणालास, फार बरं वाटलं 😊 पोळ्यांचं बरोबर आहे. भाजून झाल्यावर आज उघड्याच राहिल्या, म्हणून कडक झाल्या. उद्यापासून लगेच कापडात गुंडाळीन. उद्या पालकाची पातळ भाजी आणि काकडीची कोशिंबीर आहे 🍱'

उसळ कशामुळे जमली, हे सांगितल्यामुळे हे उत्तर त्या दिवसाचं आणि त्या डब्याचं झालं. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' हे वाक्य पनीरच्या भाजीलाही चालतं आणि पंखा दुरुस्त करणाऱ्यालाही. आपलं उत्तर तपासायचं असेल, तर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला जसंच्या तसं पाठवता येईल का, ते पाहावं. पाठवता येत असेल, तर त्यात आजच्या स्वयंपाकातली एक गोष्ट घालावी.

तक्रारीचं उत्तर लांबवलेलं नाही. कारण एका वाक्यात, उपाय एका वाक्यात. पोळीचं कारणही खरं आहे: गरम पोळ्या घट्ट झाकणात भरल्या तर वाफेचं पाणी सुटून त्या ओलसर होतात, उघड्यावर ठेवल्या तर वाळून कडक होतात; कापड या दोन्हींपासून सांभाळतं. जे रोज जमणार नाही, त्याचा शब्द मात्र देऊ नये. रोज पन्नास पोळ्या एकटीनं लाटणारीनं 'गरमागरम पोचवीन' असं लिहिलं, तर चार दिवसांत ते उघडं पडतं.

आता इमोजी. उत्तरात तीनच आहेत आणि प्रत्येक वाक्य संपल्यावर आला आहे. 🙏 आभाराजवळ, 😊 आठवणीजवळ, 🍱 उद्याच्या डब्याजवळ. पोळ्यांच्या वाक्यांना एकही नाही, कारण तक्रारीपुढे 😂 किंवा 😅 टाकलं की ती हसण्यावारी नेल्यासारखी वाटते. नुसता 👍 'कळलं, विषय संपला' असा वाचला जातो. ओळीनं दहा चित्रं टाकण्यात आणखी एक अडचण आहे. दृष्टिहीन माणसाचा फोन मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो, तेव्हा चित्रांची नावंही वाचतो. मग मूळ मजकूर ऐकणं अवघड होतं.

भाषा रोजचीच ठेवावी. 'डबा खाली ठेवलाय रे' लिहिणाऱ्या काकूंनी आभार मानताना एकदम 'आपण' म्हटलं, तर परकं वाटतं. एखादे वयस्क आजोबा डबा घेत असतील, तर त्यांना 'तुम्ही' आणि थोडे कमी इमोजी. याच निरोपात पुढच्या महिन्यापासून दर वाढल्याचं किंवा 'मित्रांनाही सांग' असं जोडू नये. आभार त्यासाठीच मानले, असं वाटतं. ते वेगळ्या दिवशी, वेगळं कळवावं.

दुपारी डब्यांच्या गडबडीत एवढं लिहिणं होत नाही. तेव्हा निरोपावर बोट दाबून ❤️ द्यावं आणि रिकामे डबे घासून झाले की सावकाश लिहावं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये '/' दाबून साठवलेला मजकूर पाठवण्याची सोय आहे. ती दरपत्रक आणि सुट्टीच्या सूचनेसाठी ठेवावी. आणि दुसऱ्या दिवशी डबा पोचल्यावर त्या मुलाला आपणहून विचारावं: 'आज पोळ्या मऊ होत्या का?'