मायन्यात मावलेलं घर

जुनी कौटुंबिक पत्रं वाचणारे बहुतेक जण 'वि. वि.'पासून वाचायला लागतात. वरच्या तीन-चार ओळींवर त्यांची नजर ठरत नाही. तिथे नुसते नमस्कार आणि आशीर्वाद, त्यात वाचायचं काय, असं त्यांना वाटतं. माझं अनेक वर्षं उलटं चाललं आहे. मी मायना आधी वाचते, कधी कधी तेवढाच वाचते. परदेशी शिकायला गेलेल्या मुलीनं गिरगाव-दादरच्या घरी पाठवलेलं पत्र असेल तर त्या चार ओळींत घराची जितकी माहिती असते तितकी पुढच्या दोन पानांत नसते, असं माझं ठाम मत झालं आहे.

कोणाच्या घरातलं खाजगी पत्र छापायला नको, म्हणून एक घर कल्पनेनंच उभं करते. साल 1965च्या आसपासचं. गिरगावातली चाळ, दोन खोल्या. घरात विधवा आजी, वडील, आई, धाकटे काका-काकू, थोरला भाऊ आणि त्याची बायको, लग्नाची बहीण शालू आणि शाळकरी भाऊ बाळू. मुलगी लंडनला शिकते आहे. तिचं पत्र असं सुरू होईल: वर मधोमध 'श्री', उजवीकडे गाव आणि तारीख, मग 'ती. स्व. गं. भा. आजीस, ती. बाबांस, ती. सौ. आईस, ती. स्व. काकांस व सौ. काकूस कृतानेक शि. सा. नमस्कार. दादास व सौ. वहिनीस सप्रेम नमस्कार. कु. शालूस व चि. बाळूस अनेक आशीर्वाद. वि. वि.'

यात मनाला येईल तसं काही नाही. जन्मदात्या आईवडिलांना तीर्थरूप आणि त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हा शाळेत शिकवलेला नियम. त्यामुळे वडील 'ती.' आणि काका 'ती. स्व.'. नवरा हयात असलेली 'सौ.', गेलेली 'गं. भा.', लग्न न झालेली 'कु.'. वडीलधाऱ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना सप्रेम, धाकट्यांना आशीर्वाद. बायकांनी साष्टांग नमस्कार घालायचा नाही अशी आपल्याकडची रीत, पण पत्रात मुलगी 'शि. सा.' लिहून जाते आणि कोणी तिला अडवत नाही. घरात आजीचा शब्द चालत असेल तर तिचं नाव आधी येतं, नसेल तर वडिलांचं. त्या घरात कोणाचं चालतं हे पहिल्या नावावरूनच मला कळू लागतं.

सगळ्यांना सुरुवातीलाच एकत्र नमस्कार करण्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही होतं. देशातल्या देशात पाकीट पाठवणारी मुलगी मुख्य पत्र वडिलांना लिहून आत आईला वेगळी चिठ्ठी घालू शकत असे. परदेशातून येई ते एअरोग्राम, म्हणजे एकच निळा पातळ कागद, घडी घालून कडा चिकटवायच्या. पाकिटापेक्षा तो स्वस्त, पण त्यात दुसरं काही घालायला मनाई. म्हणजे आजीपासून बाळूपर्यंत सगळ्यांना मिळून एकच कागद. बाकीच्यांचे नमस्कार शेवटी लिहू म्हटलं तर शेवटी जागाच उरत नसे; समासात उभ्या ओळी आणि घडीच्या पट्टीवर तिरप्या ओळी लिहून मजकूर कसाबसा संपवायचा. शेवटी राहिलेला काकूचा नमस्कार समासात गेला आणि पत्र फोडताना कातरीखाली आला, तर काकूच्या मनात ते राहणार. म्हणून सगळे आधी.

हे पत्र घरात मोठ्यानं वाचलं जाई. बहुधा वडील किंवा थोरला भाऊ वाचणार, आजी कान देऊन ऐकणार, चाळीतलं कोणी दारात उभं असणार. आपलं नाव आल्यावर प्रत्येकाला आपली हजेरी लागल्यासारखं वाटे. म्हणूनच या पत्रांत आईला एकटीला सांगायचं असं काही सापडत नाही. पैशाची तंगी, आजारपण, कोणाशी जमलेलं मन यांतलं काहीही मायन्यात दहा माणसं बसवलेल्या पत्रात मावत नसे. या पत्रांत मुली काहीच का लिहीत नाहीत, अशी तक्रार अभ्यासक करतात. त्यांनी आधी मायना मोजावा.

लालबाग-परळच्या गिरण्यांमधून कोकणात जाणाऱ्या पत्रांची रीतही अशीच होती. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी बोरीबंदरच्या मोठ्या पोस्टाबाहेर पत्र लिहून देणारे बसत. तिथेही गावच्या घरातल्या माणसांचे नमस्कार-आशीर्वाद आधी, आणि मनीऑर्डरचा विषय त्यानंतर.

मायन्याचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो पत्राचं साल ठरवायला. तारीख लिहिताना मुली दिवस-महिना घालतात आणि साल विसरतात. पोस्टाचा शिक्का असलेलं तिकीट भावंडांनी कापून वहीत चिकटवलेलं असतं. पेशवेकालीन पत्रांच्या संपादकांपुढे हाच प्रश्न होता. मोडी पत्रात पुष्कळदा फक्त चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, साल नसतं. मग राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांनी पत्रात कोण हयात आहे, कोणाला कोणती पदवी लावली आहे यावरून सालं बसवली. आपल्या घरच्या गठ्ठ्यालाही तीच रीत लागू पडते.

आपल्या कल्पित घराकडे परत येऊ. मायन्यात 'सौ. वहिनी' आहे आणि 'कु. शालू'ही आहे, म्हणजे पत्र भावाच्या लग्नानंतरचं आणि बहिणीच्या लग्नाआधीचं. पुढच्या एका पत्रात शालूचं नाव मायन्यातून नाहीसं होतं. घाबरायचं कारण नाही, ती सासरी गेली आहे. पत्राच्या पोटात 'शालूला वेगळं लिहिते' किंवा 'शालू सणाला आली होती का' असं काही सापडतं. एखाद्या विवाहित पुरुषाचं नाव मृत्यूमुळे गळतं तेव्हा खूण वेगळी असते, कारण मग दुसऱ्या कोणाचं तरी विशेषण बदलतं. वडील गेले की फक्त 'ती. बाबांस' गळत नाही, त्याच ओळीतली 'ती. सौ. आई' 'ती. गं. भा. आई' होते. पत्त्यावरही नजर टाकावी. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याआधीच्या पत्त्यात गिरगाव नुसतं 'बॉम्बे-4' असे, त्यानंतर 400004.

पण या रीतीत एक खड्डा आहे. मायन्यातलं नाव ते माणूस त्या दिवशी हयात होतं हे सिद्ध करत नाही. मुलीला ते हयात वाटत होतं एवढंच सिद्ध करतं. विमानाच्या टपालालाही आठवडा-दहा दिवस लागत. मुलीनं मंगळवारी 'ती. बाबांस' लिहून पत्र टाकलं, बुधवारी वडील गेले, गुरुवारी तार पोचली, तरी मंगळवारचं पत्र सुतकात घरी येऊन पडणारच. ते मोठ्यानं वाचायचं की नाही, हे त्या दिवशी घरातल्या कोणाला तरी ठरवावं लागे. आणि तारेनंतर पहिलं पत्र लिहिताना मुलीला परक्या खोलीत एकटीनं बसून आईच्या नावाआधीची अक्षरं बदलायची असत. समोर कोणी नाही, कोणाच्या गळ्यात पडायला नाही. रीत म्हणते गं. भा. लिही. माझ्या मते मायन्याची सगळी शिस्त इथे क्रूर होते.

'गं. भा.'चा वाद जुना झाला असं समजू नये. एप्रिल 2023मध्ये राज्याचे महिला व बालविकास मंत्री आणि मलबार हिलचे आमदार मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याच्या प्रस्तावावर चर्चा करायला आपल्या खात्याला सांगितलं. त्यावर टीकेची झोड उठली आणि ही केवळ चर्चा आहे, निर्णय नव्हे, असा खुलासा त्यांना करावा लागला. टीका करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. शब्द कितीही पवित्र असला, तरी तो बाईच्या नावाआधी लागतो आणि तिचा नवरा मेला आहे एवढंच जगाला सांगतो. पुरुषाच्या नावाआधी असं काही लागत नाही. बायको गेलेले बाबा मायन्यात 'ती. बाबा'च राहतात.

मायन्याच्या या चौकटीत गिरगावातलं एक घर बसवून पाहिलं की चौकटच मोडते. ते घर रखमाबाईंचं. परदेशी शिकायला गेलेल्या पहिल्या मराठी मुलींमध्ये आनंदीबाई जोशींचं नाव आधी येतं, पण अमेरिकेतून लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचा रोख मुख्यतः गोपाळरावांकडे आहे. ती नवऱ्याला लिहिलेली पत्रं आहेत. रखमाबाई 1889मध्ये लंडनच्या बायकांसाठीच्या वैद्यक विद्यालयात दाखल होण्यासाठी निघाल्या, तेव्हा त्या मुंबईत मागे ठेवून गेल्या त्या आईला.

आई जयंतीबाई. लहानपणी लग्न, रखमा अडीच वर्षांची असताना वैधव्य. त्यांच्या सुतार समाजात विधवेला दुसरं लग्न करता येत असे, आणि काही वर्षांनी त्यांचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतींचे जाणकार, 1883मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. एप्रिल 1885मध्ये तेही वारले. मायन्याच्या हिशेबानं या एका बाईचं विशेषण तीनदा बदललं: सौ., मग गं. भा., पुन्हा सौ., पुन्हा गं. भा. आणि सखाराम अर्जुन मुलीला कोण? जन्मदाते नव्हेत, म्हणून शाळेच्या नियमानं तीर्थस्वरूप. पण मुलीला पुस्तकं आणि शिक्षणाची गोडी मिळाली ती त्यांच्या घरात. 'स्व' लिहायचा की गाळायचा, याचं उत्तर नियमाच्या पुस्तकात नाही.

स्वतः रखमाबाईंचं काय? अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं, त्या नांदायला गेल्या नाहीत. दादाजींनी 1884मध्ये दावा लावला. सप्टेंबर 1885मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्धची रखमाबाईंची पत्रं आली, ती 'एक हिंदू स्त्री' या सहीनं, म्हणजे नावाशिवाय आणि कोणत्याही विशेषणाशिवाय. प्रकरण अपिलात जाऊन फिरून आलं आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. तुरुंग पत्करते, असं त्यांनी सांगितलं. जुलै 1888मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

पण हिंदू कायद्यात तेव्हा घटस्फोट नव्हता. म्हणून लंडनहून पत्राखाली सही करताना त्या सौ. होत्या की कु., हे कोणत्याही मायन्यात बसत नव्हतं. नांदल्या नाहीत म्हणून समाज सौ. म्हणायला तयार नव्हता, आणि लग्न लागलेलं म्हणून कु. म्हणता येत नव्हतं. त्या 1894मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून परतल्या आणि पुढे सुरतेत डॉक्टरकी केली. मला स्वतःला वाटतं की 'डॉ.' हे अक्षर त्यांच्या नावाआधी लागलं तेव्हा हा प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही. 1904मध्ये दादाजी वारले तेव्हा ज्याच्याकडे त्या एक दिवसही नांदल्या नव्हत्या, त्याच्या नावानं रखमाबाईंनी वैधव्याची वस्त्रं नेसली. तेव्हा त्या सुरतेत रोग्यांना तपासत होत्या.