शंकूच्या टाकीला एकच गेन का पुरत नाही?

टोक खाली आणि तोंड वर अशी शंकूच्या आकाराची एक टाकी घेऊ. उंची एक मीटर, तोंडाचा व्यासही एक मीटर. तळाच्या नळातून पाणी सतत बाहेर पडते, वरून पंप पाणी टाकतो आणि पातळी ठरलेल्या जागी राखायचे काम पीआयडी कंट्रोलर करतो. तळाशी गाळ किंवा घट्ट द्रव अडकून राहू नये म्हणून टाकीला असा उतार देतात. मात्र या उतारामुळेच कंट्रोलरची अडचण होते.

पातळी २० सेंटीमीटर असताना ती एक सेंटीमीटर वाढवायला साधारण ३१४ मिलिलिटर पाणी पुरते. ८० सेंटीमीटरवर मात्र तेवढ्याच वाढीसाठी पाच लिटर लागते. उंची चौपट झाली की पृष्ठभाग सोळापट होतो. म्हणजे पंपाने तेवढेच जादा पाणी सोडले, तरी खाली पातळी झपाट्याने चढते आणि वर जेमतेम हलते.

कंट्रोलरमधले दोन आकडे इथे महत्त्वाचे. गेन सांगतो, पातळी एक सेंटीमीटर चुकली तर पंपाचा प्रवाह किती बदलायचा. इंटिग्रल टाइम सांगतो, चूक टिकून राहिली तर ती किती घाईने भरून काढायची. तिसरा, डेरिव्हेटिव्ह, पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लाटांनाच प्रतिसाद देत बसतो, म्हणून पातळीच्या लूपमध्ये तो सहसा शून्य ठेवतात.

चूक साधारण दोन मिनिटांत भरून निघावी असे ठरवू. मग गेन काढणे सोपे आहे: लागणारे पाणी भागिले दोन मिनिटे. २० सेंटीमीटरवर तो मिनिटाला ०.१६ लिटर येतो, ८० वर अडीच लिटर. इंटिग्रल टाइम खाली सुमारे दोन मिनिटे आणि वर आठ मिनिटे ठेवता येतो.

आता वरचे आकडे खाली वापरून पाहा. पंप, ट्रान्समीटर आणि फिल्टर मिळून पंधरा सेकंदांचा उशीर होत असेल, तर लूप अस्थिर होतो. पंप कधी पूर्ण वेगाने, कधी बंद, असे हेलकावे सुरू होतात. ते पाहून ऑपरेटर गेन कमी करतो आणि खालचेच आकडे सगळीकडे लावतो. गेन कमी म्हणजे लूप सुरक्षित, असा त्यामागचा समज. पण ८० सेंटीमीटरवर पातळी पुन्हा डोलू लागते. आता एका हेलकाव्याला जवळजवळ पाऊण ते एक तास लागतो, कारण गेन दुबळा असताना दोन मिनिटांचे इंटिग्रल फार उतावीळ ठरते. ट्रेंडवर हेलकावे जलद असतील तर गेन जास्त आहे. संथ आणि लांबलचक असतील तर बहुधा इंटिग्रलची घाई होते आहे.

यावर उपाय म्हणजे गेन शेड्यूलिंग. मोजलेल्या पातळीप्रमाणे कंट्रोलरने स्वतःच आकडे बदलायचे. पीएलसीमध्ये एक तक्ता ठेवतात आणि दोन नोंदींमधला आकडा सरळ रेषेने काढतात. नोंदी दोनच ठेवल्या तर ५० सेंटीमीटरवर गेन १.३ येईल, पण तिथे एकच हवा. क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून चार-पाच नोंदी लागतात. तळाजवळ गेन शून्याकडे जातो, तेव्हा त्याला किमान मर्यादा घालतात. शिवाय तक्त्याकडे जाणारी पातळी आधी फिल्टर करतात, नाहीतर लाटांबरोबर गेनही थरथरतो.

एक चूक मात्र सहज होते. चुकांची नुसती बेरीज साठवून तिला शेवटी गेनने गुणले, तर गेन बदलताच पंप झटका खातो. पातळी सेटपॉइंटवर स्थिर आहे, पंप मिनिटाला १२ लिटर देतो आहे आणि तक्त्याने गेन अचानक निम्मा केला, तर प्रवाह विनाकारण सहावर येईल. म्हणून गेनने आधी गुणायचे, मग साठवायचे:

```
I = I + (Kc/Ti)*e*dt
u = Kc*e + I
```

अशा मांडणीत आधी साठवलेला भाग गेन बदलल्याने हलत नाही.

चाचणी तक्त्यातल्या नोंदींवर घ्याच, पण दोन नोंदींच्या मधेही घ्या. सेटपॉइंट दोन-तीन सेंटीमीटर हलवून पाहा. प्रतिसाद सगळीकडे साधारण सारखाच दिसला तर तक्ता बरोबर. मोठ्या बदलाचे गणित वेगळे असते. पंपाची कमाल मिनिटाला २० लिटर धरली, तर ६० वरून ८० सेंटीमीटरवर जायला साडेसत्त्याहत्तर लिटर लागतील. तळाच्या नळातून दहा-बारा लिटर जातच असतात, त्यामुळे नऊ मिनिटे तरी लागणार. त्या वेळात पंप कमालीवर असताना इंटिग्रलची साठवण थांबवावी लागते, नाहीतर पातळी ८० च्या पुढे निघून जाईल. तक्ता कितीही नेमका असला, तरी ही नऊ मिनिटे मोठ्या पंपाशिवाय कमी होत नाहीत.