फसलेल्या औषधाची प्रश्नमंजुषा

शाळेच्या विज्ञान मंडळाने प्रश्नमंजुषा ठेवली की ‘अपघाताने लागलेले शोध’ ही फेरी ठरलेलीच. पेनिसिलीन? फ्लेमिंग. क्ष-किरण? राँटजेन. मुलं नावं पाठ करून येतात, घंटा वाजवतात, गुण घेऊन जातात. त्या अपघातात नेमकं काय घडलं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून इथे एकाच अपघातावर सगळे प्रश्न दिले आहेत. स्थळ लंडन, वर्ष १८५६, आणि नायक १८ वर्षांचा विद्यार्थी, विल्यम हेन्री पर्किन. प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तर सांगण्याआधी मुलांना डोकं चालवायला वेळ द्या.

प्रश्न १. पर्किनला काय बनवायचं होतं?

क्विनीन. आपल्याकडची जुनी माणसं ज्याला कोयनेल म्हणत, ते हिवतापावरचं कडू औषध. ते सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून निघे आणि ते झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. हिवतापाच्या प्रदेशांत साम्राज्य पसरलेल्या ब्रिटिशांना त्याची गरज मोठी होती. पर्किनचे शिक्षक हॉफमन यांना वाटे की दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थांपासून क्विनीन करता येईल. ईस्टरच्या सुटीत पर्किनने घरातल्याच छोट्या प्रयोगशाळेत ते मनावर घेतलं.

प्रश्न २. त्याचा हिशोब बरोबर होता. तरी क्विनीन का झालं नाही?

हा प्रश्न फळ्यावर सोडवायचा आहे. पर्किनने अ‍ॅलिलटोल्युइडीन नावाचा पदार्थ घेतला. त्याच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे तीन अणू द्यायचे आणि पाण्याचा एक रेणू काढून टाकायचा, अशी त्याची योजना होती:

2 C₁₀H₁₃N + 3 O → C₂₀H₂₄N₂O₂ + H₂O

मुलांना अणू मोजायला सांगा. डावीकडे हायड्रोजन २६. त्यातले २ पाण्यात गेले, उरले २४. ऑक्सिजन ३; एक पाण्यात गेला, उरले २. कार्बन आणि नायट्रोजन जसेच्या तसे. उजवीकडचं सूत्र तंतोतंत क्विनीनचं आहे. प्रत्यक्षात त्याच्या हाती आला तांबूस तपकिरी गाळ.

अणूंची संख्या जुळली म्हणजे पदार्थ जुळला, असं होत नाही. तेवढ्याच विटांत घराचा ओटा बांधता येतो आणि विहिरीचा कठडाही. कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, यावर पदार्थ ठरतो. पण १८५६ साली रेणूची रचना कागदावर मांडण्याची पद्धतच नव्हती. केकुलेने बेंझिनचं कडं सुचवलं ते १८६५ साली. तेव्हा पर्किनला कमी गुण देऊ नका. त्याच्या काळात एवढाच हिशोब मांडता येत होता.

प्रश्न ३. यात अपघात नेमका कुठे आहे?

बहुतेक मुलं ‘गाळ झाला तिथे’ असं म्हणतील. ते चूक. गाळ होणं रसायनशास्त्रात रोजचंच आहे. तो टाकून बाटली घासायची आणि पुढे जायचं. पर्किनने तो टाकला, पण हे काय झालं असावं म्हणून तीच क्रिया साध्या पदार्थावर करून पाहिली. अ‍ॅनिलीन घेतलं आणि त्यावर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली. या वेळी तर काळाकुट्ट साका बसला. त्यावर अल्कोहोल घालताच जांभळा रंग उतरला. अपघात म्हणायचा तर हा. त्याच्या आधीचा ‘साधा पदार्थ घेऊन पाहू’ हा निर्णय मात्र पूर्ण जाणूनबुजून घेतलेला होता, आणि माझ्या मते अर्धे गुण त्यालाच द्यायला हवेत.

प्रश्न ४. जांभळं पाणी आणि रंग, यांत फरक काय? तो कसा ओळखायचा?

जांभळं पाणी जांभळापासूनही मिळतं. कापडाचा रंग म्हणवून घ्यायचं तर तो धुतल्यावर टिकला पाहिजे आणि उन्हातही. पर्किनने रेशमाचा तुकडा रंगवला, साबणाने धुतला, उन्हात ठेवला. रंग गेला नाही. मग त्याने नमुना स्कॉटलंडमधल्या पुलर या रंगारी कंपनीकडे पाठवला. उत्तर उत्साहाचं आलं, आणि ऑगस्ट १८५६ मध्ये त्याने पेटंट घेतलं.

हा प्रयोग वर्गात करता येतो, पण अ‍ॅनिलीनने मुळीच नाही. अ‍ॅनिलीन विषारी आहे, डायक्रोमेट कर्करोगकारक. हळद घ्या. पांढऱ्या सुती कापडाचे तीन तुकडे हळदीच्या गरम पाण्यात रंगवून वाळवा. एक कपाटात ठेवा, एक उन्हात टांगा, एक कपड्यांच्या साबणाने धुवा. उन्हातला तुकडा फिका पडत जाईल. साबण लागताच तिसरा लालसर होईल, कारण हळद अल्कलीत रंग बदलते. दोन्ही परीक्षांत हळद नापास. पर्किनचा रंग दोन्हींत पास झाला होता.

प्रश्न ५. रेशमावर चढणारा रंग सुती कापडावर का टिकेना?

रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं, कापूस म्हणजे सेल्युलोज. हा रंग प्रथिनाला धरून बसतो, सेल्युलोजला धरत नाही. मग मधे दुवा लागतो. कापड आधी टॅनिनमध्ये भिजवायचं, त्यावर धातूचा क्षार द्यायचा आणि मग रंग, अशी तोड निघाली. आपल्याकडचे रंगारी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवत आले, तेही टॅनिनसाठीच. ही अडचण सुटली नसती तर पर्किनचा रंग फक्त रेशीम नेसणाऱ्यांपुरता राहिला असता. रंग सापडला काही दिवसांत. तो विकण्याजोगा व्हायला मात्र वडील आणि भाऊ यांच्या मदतीने कारखाना काढावा लागला. फ्रेंचांनी एका फुलावरून त्या रंगाला ‘मोव्ह’ म्हटलं आणि तेच नाव टिकलं.

प्रश्न ६. पर्किनचं अ‍ॅनिलीन अगदी शुद्ध असतं तर?

हा प्रश्न अंतिम फेरीसाठी राखून ठेवा. अ‍ॅनिलीन बनवताना मूळ द्रव्य डांबरातलं बेंझिन, आणि त्या काळच्या बेंझिनमध्ये टोल्युइन मिसळलेलं असे. त्यामुळे पर्किनच्या अ‍ॅनिलीनमध्ये टोल्युइडीन नावाची भेसळ आपोआप आली होती. मोव्हचे मुख्य रेणू अ‍ॅनिलीन आणि टोल्युइडीन मिळूनच घडतात. म्हणजे माल शुद्ध असता तर हे रेणू तयारच झाले नसते. पर्किनला याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचं विश्लेषण होऊन त्या रेणूंची खरी रचना प्रसिद्ध झाली ती १९९४ साली.

प्रश्न ७. आणि क्विनीनचं काय झालं?

१९४४ साली वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी ते प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग दाखवला. पण तो मार्ग इतका लांबचा आणि खर्चिक आहे की औषधाचं क्विनीन आजही सिंकोनाच्या सालीतूनच काढलं जातं.