टाके, कुंथणं आणि बाळंतिणीचं पोट

नॉर्मल बाळंतपणात टाके पडले की बहुतेक बायकांना पहिली धास्ती असते ती शौचाला जाण्याची. जोर केला आणि टाके उसवले तर? मग कळ आली तरी ‘नंतर बघू’ म्हणून ती मागे परतवली जाते. खरा घोटाळा इथेच सुरू होतो. मोठ्या आतड्याचं कामच मुळी मळातलं पाणी शोषून घेण्याचं. मळ जितका जास्त वेळ आत थांबेल, तितका तो कोरडा आणि घट्ट होत जातो. म्हणजे टाक्यांच्या काळजीपोटी थांबलेली बाई अखेर टाक्यांना जास्त दुखेल असाच खडा तयार करत असते.

हे टाके नेमके कुठे असतात, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. बाळाचं डोकं बाहेर येताना योनीमुखाशी छेद घेतात तो सहसा तिरका, गुदद्वारापासून दूर जाणारा असतो. मळाची वाट वेगळी. शिवणही एकाच थराची नसते. आतलं अस्तर, स्नायू आणि कातडी असे थर वेगवेगळे शिवलेले असतात. मऊ शौचाला लागणाऱ्या जोराने ते सुटत नाहीत. ताण जाणवतो, चुरचुरतं, पण ते म्हणजे टाके तुटणं नव्हे.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पहिलटकरीण, टाके पडलेले, तिसरा दिवस, अजून पोट साफ नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत शौचाला न होणं तसं नवलाचं नाही. कळांच्या वेळी खाणं जवळजवळ नसतंच. पण घरी आल्यावर आई म्हणते, “पाणी बेताने पी गं, बाळाला सर्दी होईल.” फळं थंड म्हणून बंद, पालेभाजी वातूळ म्हणून बंद. ताटात तूपभात आणि डिंकाचा लाडू. त्यात लोहाची गोळी, तीही मळ घट्ट करणारी. लाडवाशी माझं भांडण नाही, खुशाल खावा. पण पाणी तोडण्याला काहीच आधार नाही. बाळाला त्याने सर्दी होत नाही आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला उलट नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं.

अशा वेळी डॉक्टर बहुधा लॅक्ट्यूलोजचं पातळ औषध देतात. ते आतड्यात पाणी धरून ठेवतं. रक्तात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे दुधातून बाळाला जुलाब होतील ही भीती नको. मात्र त्याचा गुण यायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून पोट तटून बसेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा, घरी सोडतानाच डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं. इसबगोल घेत असाल तर सोबत पेलाभर पाणी हवंच, नाहीतर ते आतच घट्ट होऊन बसतं.

जायची वेळही साधता येते. सकाळी गरम काही प्यायल्यावर, न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतडं आपणहून हलतं. कमोडवर बसून पायांखाली पाट किंवा लहान स्टूल घ्यावं, गुडघे कमरेपेक्षा वर येतील असं. किंचित पुढे झुकावं. स्वच्छ पॅडची घडी करून टाक्यांवर हलक्या हाताने धरावी. आधार मिळाला की भीती बरीच कमी होते. श्वास कोंडून कुंथू नये, तोंड उघडं ठेवून हळूहळू श्वास सोडत राहावं. दहा मिनिटांत नाही झालं तर उठावं. नंतर पुढून मागे असं धुवावं.

सिझरची गोष्ट वेगळी. तिथे शौचाची वाट सुखरूप असते, पण शस्त्रक्रियेने आतडं सुस्तावतं आणि काही वेदनाशामक औषधं ते आणखी मंद करतात. पहिले एक-दोन दिवस वायू अडकून पोट फुगतं, कधीकधी टाक्यांपेक्षा तोच जास्त छळतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की लवकर उठून चालणं आणि थोडंथोडं खाणं, यानेच आतडं जागं होतं. जोर देताना किंवा खोकताना पोटावर उशी दाबून धरली की ओढ कमी लागते. मात्र पोट फुगत चाललं, वायू सरत नाही आणि उलट्या होऊ लागल्या, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली असेल तर वरच्या दिलाशावर विसंबू नका. तिथे मळ मऊ ठेवणारं औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचंच असतं आणि त्यांना न विचारता एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची गोळी वापरायची नसते. टाक्यांना दुर्गंधी, पू, वाढती ठणक किंवा ताप असेल तर लगेच दाखवावं.

आणि एक लक्षण बायका लाजेखातर वर्षानुवर्षं लपवतात: वायू किंवा मळ आवरता न येणं, किंवा तो योनीतून येणं. बाळंतपणात असं व्हायचंच, असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. याला उपचार आहेत; डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा.