गुठळीचा कच्चा माल संपतो तेव्हा

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही, तेव्हा डॉक्टर साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ठेवतात. दहा मिनिटांनीही ते गोठलं नाही किंवा गुठळी हलवताच फुटली, तर संशय फायब्रिनोजेनवर जातो.

फायब्रिनोजेन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. थ्रॉम्बिन त्याचे धागे बनवतं आणि त्या जाळ्यात गुठळी धरते. थ्रॉम्बिन टाइम या तपासणीत प्लाझ्मात थेट थ्रॉम्बिन घालून गोठण्याचे सेकंद मोजतात. वेळ लांबली तर फायब्रिनोजेन कमी असू शकतं. पण हेपॅरिननेही ती लांबते, म्हणून पातळी वेगळी मोजावी लागते.

एरवी ही पातळी २०० ते ४०० मिलिग्रॅम असते, गरोदरपणाच्या शेवटी त्याहून बरीच जास्त. म्हणूनच वाहत्या रक्तस्रावात बाळंतिणीचा रिपोर्ट २०० आला, तर तो 'नॉर्मल' समजणं घातक ठरतं. साठा निम्म्यावर आलेला असतो, आणि नुसतं सलाइन व लाल पेशी दिल्याने उरलेलंही पातळ होतं.

अशा वेळी क्रायोप्रेसिपिटेट उपयोगी पडतं. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळवला की तळाशी जो साका बसतो, तोच हा. समजा, पातळी १२० आहे. साधारण दहा पिशव्या दिल्यावर मोठ्या माणसात ती पन्नासेक मिलिग्रॅमने वाढते. पिशव्या वितळवायला वेळ लागतो, म्हणून मागणी लवकर करावी लागते. स्राव सुरूच असेल, तर दिलेलंही वाहून जातं. म्हणून पातळी पुन्हा तपासतात आणि त्याच वेळी गर्भाशयाचा स्राव थांबवण्याचे उपायही चालू ठेवतात.