पावसाच्या तक्त्यातलं ‘@’ काय सांगतं?

लोणावळा सह्याद्रीच्या कड्यावर, घाटाच्या तोंडाशी. वडगाव मावळ त्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या बाजूला. त्यामुळे पावसाळ्यात एकाच दिवशी दोन्हीकडच्या पावसात बराच फरक पडतो. समजा, एका आठवड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये एक्सेलच्या तक्त्यात भरला आहे. B2 ते B8 मध्ये लोणावळा: ११०, ८५, १४०, २१०, ९५, ६०, १३०. C2 ते C8 मध्ये वडगाव: ४०, ३०, ५५, ७०, ३५, २०, ६०. सगळ्यात मोठा फरक कोणत्याही एका दिवशी किती पडला, हे शोधायचं आहे. त्यासाठी E4 मध्ये हे सूत्र लिहिलं:

```
=MAX(B2:B8-C2:C8)
```

एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत नुसतं एन्टर दाबलं, तर उत्तर ८५ येतं. खरं उत्तर १४० आहे. जुनं एक्सेल एका घरात एकच आकडा धरत असे. वजाबाकीसाठी सात-सात आकडे समोर आले की ते सूत्र ज्या ओळीत आहे तेवढीच ओळ उचलायचं. इथे चौथी ओळ, म्हणजे १४० वजा ५५. हेच सूत्र दहाव्या ओळीत असतं, तर तिथे माहितीच नसल्याने `#VALUE!` आलं असतं आणि चूक लगेच कळली असती. ८५ मात्र खरं वाटतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

सातही वजाबाक्या करून घ्यायच्या, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन्टर एकदम दाबावं लागे. मग सूत्राभोवती महिरपी कंस येत. पुढे कुणी सूत्र दुरुस्त करून सवयीने नुसतं एन्टर दाबलं, की कंस जात आणि उत्तर बदले.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१८ मध्ये डायनॅमिक अ‍ॅरे जाहीर केले. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ मध्ये नुसत्या एन्टरने सातही ओळींचा हिशोब होतो. उत्तरं अनेक असतील, तर ती आपोआप खालच्या घरांत पसरतात. पण जुन्या फाइलींची उत्तरं बदलू नयेत, म्हणून एक्सेल आपला जुना नियम आता उघडपणे लिहून दाखवतं:

```
=MAX(@B2:B8-@C2:C8)
```

‘@’ म्हणजे ‘या ओळीतला एकच आकडा घे’. एक्सेलने नवं काही घुसवलेलं नाही. आधी न दिसणारी गोष्ट आता दिसते आहे. इथे दोन्ही चिन्हं काढली की १४० मिळतं.

पण सरसकट चिन्हं पुसू नयेत. D स्तंभात प्रत्येक ओळीत `=@B2:B8-@C2:C8` असेल, तर ते बरोबरच आहे. तिथली चिन्हं काढली, तर उत्तरांना पसरायला रिकामी घरं मिळत नाहीत आणि `#SPILL!` दिसतं. बेरीज, सरासरी, कमाल अशा सूत्रांच्या आत ‘@’ दिसलं, तर मात्र ते उत्तर एकदा हाताने ताडून पाहावं.