पगार आणि पैदास्ती : घेरियाच्या लुटीची वांटणी (इ. स. १७५६)

जुन्या दफ्तरांत लष्कराचा किंवा आरमाराचा हिशेब हातीं आला म्हणजे संग्राहक प्रथम पगाराचे आंकडे शोधतो. ते न सांपडले, किंवा शिपायाचा निर्वाह होणार नाहीं इतके थोडे सांपडले, म्हणजे कागद अपुरा आहे असें समजून तो बाजूस ठेवतो. आमच्या मतें ही समजूत पुष्कळदां चुकीची असते. कागद पुरा असतो. शिपायाचा मोबदला मात्र दुसऱ्या सदरांत पडलेला असतो. लूट, खंड, खंडणी व पैदास्ती हीं तीं सदरें होत. हीं सदरें कशीं वाचावीं आणि त्यांवर सैन्य कसें चालत असे, हें एका प्रकरणाच्या आधारें दाखविण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आम्ही हा लेख पनवेल येथील खांदा कॉलनींत बसून लिहीत आहों. वस्ती नवी असली तरी ठिकाण या विषयास परकें नाहीं. पनवेलची खाडी मुंबईच्या बंदरास मिळते, आणि त्या बंदराच्या दक्षिणेस खांदेरी-उंदेरीचीं बेटें व आंगऱ्यांचा कुलाबा लागतो. या पाण्यांतून जाणाऱ्या प्रत्येक तरांड्याकडे एके काळीं मालाची वाहतूक म्हणून जसें पाहिलें जाई, तसेंच खलाशांच्या पोटाचें साधन म्हणूनहि पाहिलें जाई.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. लूट म्हणजे शस्त्राच्या बळानें घेतलेला माल. खंडणी ही लुटीहून निराळी. ती ठराव करून घेतलेली रक्कम होय. गांव किंवा पेठ लुटूं नये म्हणून तेथील प्रमुख लोक आंकडा कबूल करीत, आणि रोकड तत्काळ न निघाल्यास ओलीस देत. खंड म्हणजे पकडलेल्या माणसाच्या सुटकेचें मोल. समुद्रावर शत्रूचीं किंवा बिनपरवाना जहाजें धरून जी प्राप्ति होई तिला पैदास्ती हा शब्द आढळतो. कागदांत या शब्दांचा घोटाळा झालेला असेल तर प्रश्न एकच विचारावा : रक्कम ठरली आधीं कीं घेतली आधीं? आधीं ठरली असेल तर ती खंडणी किंवा खंड; आधीं घेतली असेल तर लूट किंवा पैदास्ती.

या प्राप्तीचा मालक कोण, हा खरा वादाचा मुद्दा होता. शिवछत्रपतींचा नियम कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत सांगितला आहे. दसऱ्यास लष्कर मुलूखगिरीस निघतांना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी होई, आणि छावणीस परत येतांना झडती घेतली जाई. यादीहून अधिक जें सांपडेल तें सरकारांत जमा करावयाचें, किंवा त्याची किंमत वेतनांतून वळती करून घ्यावयाची; लपवील त्यास शासन. म्हणजे लूट राज्याची आणि वेतन शिपायाचें, अशी ही रीत होती. ती पाळतां येण्यास एक अट मात्र होती : वेतन खरोखर हातीं पडलें पाहिजे. इ. स. १६८९ नंतर राज्य संकटांत पडलें आणि खजिना रिता झाला, तेव्हां ती अट उरली नाहीं. सरदारांनीं आपलीं पथकें आपण जमवावीं, मुलूख मारावा आणि त्यावरच पथक पोसावें, हा क्रम पडला. पुढें पेशवाईंतहि स्वारीपूर्वीं शिलेदारांस नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे. बाकीचें येणें मात्र थकत जाई आणि त्यासाठीं लोक सरदाराच्या दारीं धरणें धरून बसत. कागदावर पगार आहे एवढ्यावरून तो पोंचला असें समजूं नये, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आरमाराविषयीं तर याहून स्पष्ट इशारा आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत, आरमाराच्या तनख्याची तरतूद मुलखाच्या उत्पन्नांतून करून द्यावी, पैदास्तीच्या भरंवशावर आरमार ठेवूं नये, असें बजावलें आहे. कारणहि तेथेंच दिलें आहे : त्यायोगें सावकारांस उपद्रव होतो आणि बंदरें बसतात. ज्या खलाशाचें पोट धरलेल्या जहाजावर आहे तो शत्रूचें तरांडें आणि उदमी याचें तरांडें यांत फार काळ भेद करणार नाहीं, हा या इशाऱ्याचा आशय. उदमी दुरावला म्हणजे जकात बुडते. जकात बुडाली म्हणजे तनखा थकतो. तनखा थकला म्हणजे पैदास्तीची गरज आणखीच वाढते. असें हें चक्र आहे.

खंडाचें एक प्रसिद्ध उदाहरण याच किनाऱ्यावरचें आहे. इ. स. १७१२ च्या नोव्हेंबरांत कारवारहून मुंबईकडे येत असतां मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याचें खासगी जहाज कान्होजी आंगरे यांच्या आरमारानें धरलें. झुंजींत चाऊन नांवाचा कंपनीचा एक अधिकारी मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेंत आली. पुढील फेब्रुवारींत तह होऊन तिची सुटका झाली. त्यासाठीं ३०,००० रुपये खंड मोजावा लागला. जहाज, तोफा व माल एकीकडे आणि एक कैदी एकीकडे, अशा तुलनेंत कैद्याचें मोल किती मोठें असूं शके, हें या आंकड्यावरून दिसतें. जिवंत व प्रतिष्ठित कैदी जपून ठेवणें यांत दया असेल वा नसेल, व्यवहार मात्र निश्चित होता.

हा व्यवहार केवळ एतद्देशीयांचा होता असें इंग्रज ग्रंथकारांच्या भाषेवरून कोणास वाटेल, म्हणून आतां दुसरी बाजू पाहूं. इंग्रजांच्या राजकीय आरमारांत साध्या पण कसलेल्या खलाशाचा पगार महिना २४ शिलिंग असे, आणि हा आंकडा इ. स. १६५३ पासून १७९७ पर्यंत बदललाच नाहीं. तोहि फार मागें राहून मिळे. या उणिवेची भरपाई धरलेल्या जहाजांतून होई. इ. स. १७०८ च्या कायद्यानें अशा प्राप्तीवरचा राजाचा हक्क धरणारांस सोडून दिला, आणि तिचे आठ भाग करण्याची वहिवाट पडली. आठांपैकीं तीन भाग कप्तानाचे (त्यांतला एक वरिष्ठ सरखेलाचा), तीन भाग निरनिराळ्या दर्जांच्या अधिकाऱ्यांचे आणि उरलेले दोन भाग सर्व खलाशी व शिपाई यांचे. दोन भागांत शेंकडों माणसें असल्यानें एकेकाच्या वांट्यास थोडेंच येई. परंतु तें थोडेंहि कित्येक महिन्यांच्या पगाराइतकें असूं शके, आणि त्या आशेवर माणूस जहाजावर टिके.

या वहिवाटीचा पूर्ण विस्तार घेरियाच्या, म्हणजे विजयदुर्गाच्या, प्रकरणांत दिसतो. तुळाजी आंगरे पेशव्यांस जुमानीत नसल्यामुळें नानासाहेबांनीं इ. स. १७५५ च्या मार्चांत मुंबईकरांशीं करार केला. एप्रिलांत सुवर्णदुर्ग पडला. पुढील वर्षीं ॲडमिरल वॉटसन याचें राजकीय आरमार व कर्नल क्लाइव्ह याची पलटण घेरियावर निघाली. निघण्यापूर्वीं अधिकाऱ्यांची सभा भरली, आणि तींत किल्ला कसा घ्यावा याबरोबरच, तो घेतल्यावर लूट कशी वांटावी याचाहि ठराव झाला. एकंदर प्राप्तीच्या अष्टमांशापैकीं दोन तृतीयांश वॉटसनचे व एक तृतीयांश त्याचा दुय्यम पोकॉक याचा. क्लाइव्ह व मेजर चेंबर्स यांनीं राजकीय जहाजांच्या कप्तानांबरोबर सारखा वांटा घ्यावा. पलटणीचे कप्तान व कंपनीच्या जहाजांचे कप्तान यांनीं आरमारी लेफ्टनंटांबरोबर घ्यावा. आणि त्याखालीं याच क्रमानें.

पलटणीच्या अधिकाऱ्यांनीं यास हरकत घेतली. क्लाइव्ह हा जमिनीवरील फौजेचा मुख्य, त्याचा वांटा पोकॉकच्या बरोबरीचा हवा, असें त्यांचें म्हणणें. आरमाराचे कप्तान हटेनात. शेवटीं, जें कमी पडेल तें मी आपल्या वांट्यांतून भरून देईन, असें वॉटसननें सांगितलें तेव्हां भांडण मिटलें. पुढें त्यानें सुमारें एक हजार पौंड क्लाइव्हकडे पाठविले, पण क्लाइव्हनें ते घेतले नाहींत. ही हकीकत वॉटसनच्या जहाजावरील शस्त्रवैद्य आइव्ह्ज यानें लिहून ठेवली आहे. शत्रूवर एक गोळा सुटण्यापूर्वीं स्वकीयांत वांट्यावरून तेढ पडली होती, हें त्यावरून कळतें; आणि ठराव आगाऊ करण्याचें कारणहि तेंच. विजयानंतर जो वाद हत्यारांनीं झाला असता तो येथें शब्दांत संपला.

फेब्रुवारीच्या १२ तारखेस हल्ला सुरू झाला. एक गर्नाळ तुळाजीनें पूर्वीं धरलेल्या ‘रेस्टोरेशन’ नांवाच्या इंग्रजी जहाजावर पडली. तें पेटलें आणि त्याच्या आगीनें आंगऱ्यांचें बहुतेक आरमार जळून गेलें. लुटीच्या हिशेबानें हें नुकसानच; जळालेलें गलबत वांटतां येत नाहीं. तुळाजी या वेळीं मराठ्यांच्या छावणींत बोलणीं करीत होता. किल्ला त्या बोलण्यांतून मराठ्यांच्या हातीं गेला असता तर इंग्रजांची वांटणी केवळ कागदावर राहिली असती. म्हणून त्याच रात्रीं क्लाइव्हनें फौज उतरवून किल्ला व मराठ्यांची छावणी यांच्यामध्यें आणून उभी केली. १३ तारखेच्या सायंकाळीं किल्ला शरण आला.

आंत सुमारें दहा लक्ष रुपयांचा ऐवज मिळाला. तेवढाच धरून हिशेब केला तर अष्टमांश १,२५,००० रुपये होतो. पैकीं वॉटसनकडे ८३,३३३ व पोकॉककडे ४१,६६६ रुपये येतात. या वांटणींत ज्यांच्या करारावर मोहीम निघाली त्या पेशव्यांचा भाग नव्हता, आणि कंपनीचाहि नव्हता. मित्राची फौज किनाऱ्यावर असतां तिला लुटीच्या बाहेर ठेवण्याचें काम ठरावानें आधींच केलें होतें. किल्लाहि इंग्रजांनीं लगेच सोडला नाहीं. पेशव्यांस पुष्कळ लिहिणें करावें लागलें, आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहानें, बाणकोटच्या मोबदल्यांत, तो परत मिळाला. तुळाजीचें उरलेलें आयुष्य कैदेंत गेलें. मुंबईकरांवर किनाऱ्यावरून दाब ठेवील असें आरमार मात्र त्या आगींतून पुन्हा उभें राहिलें नाहीं.

आज्ञापत्रांतील इशारा आणि घेरियाचा ठराव एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. पैदास्तीवर माणसें लढतात यांत संशय नाहीं. परंतु तीं कोठें उभीं राहावयाचीं आणि कोणास अडवावयाचें हेंहि पैदास्तीच ठरवूं लागते. क्लाइव्हची फौज त्या रात्रीं जेथें उभी राहिली ती जागा युद्धकलेइतकीच वांटणीच्या यादीनें नेमून दिली होती.

म्हणून आमची संग्राहकांस विनंती अशी कीं, मोहिमेचा कागद हातीं आल्यास तीन गोष्टी पाहाव्या. प्राप्तीचा आंकडा सरकारच्या जमेस धरला आहे कीं सरदाराच्या, हें पहिलें. वेतन ‘देणें’ म्हणून लिहिलें आहे कीं ‘पावलें’ म्हणून, हें दुसरें. आणि वांट्याची यादी लढाईपूर्वींच्या तिथीची आहे कीं नंतरची, हें तिसरें. तिथि आधींची असेल तर तो कागद फुटकळ म्हणून बाजूस ठेवूं नये. त्या लढाईंत कोण कोठें व कां उभा राहिला याचा उलगडा बखरीपेक्षां त्याच कागदांतून होण्याचा संभव अधिक आहे.